शनिवारचा रस, सोमवारची परीक्षा

घरात आवळ्याचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो. नातवंडांना वाटतं, आजोबांना आवळा आवडत नाही. आवळा मला चांगला आवडतो. मला आवडत नाही ती त्याच्याबरोबर येणारी एक आठवण, आणि ती मी घरात आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आधी लाज वाटली म्हणून, मग वेळ निघून गेली म्हणून, आणि पुढं पुढं तर नुसती सवय म्हणून. आता ज्यांच्यासमोर लाजायचं ती माणसंच उरली नाहीत, तेव्हा लिहून टाकतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात आमच्या घरी तेव्हा तीनच माणसं होती. वडील, म्हणजे अप्पा. वहिनी. आणि मी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादा करमाळ्याला शाळेत मास्तर होता, तो सुट्टीला यायचा. वहिनींनी नवऱ्याबरोबर करमाळ्याला बिऱ्हाड न करता सोलापुरात राहायचं, ते अप्पांकडं बघायला, असं ठरलं होतं. ठरवताना वहिनींना कुणी विचारलं होतं का, हे मला माहीत नाही. मी एका कॉलेजात केमिस्ट्रीचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे प्राध्यापकांनी शिकवायचं आणि पोरांनी फोडलेल्या काचा मी मोजायच्या. पण गल्लीत मला ‘सायन्सवाले’ म्हणत, आणि हे मला इतकं गोड वाटायचं की मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

अप्पांनी आयुष्यभर धान्याचं दुकान चालवलं. दुकान दुसऱ्याला देऊन घरी बसल्यावर त्यांनी आपल्या गुडघ्यांकडं लक्ष वळवलं. कुणीतरी त्यांना सांगितलं की आंबट खाल्लं की गुडघे धरतात. त्या दिवसापासून लिंबू बंद, चिंच बंद, ताक बंद, टोमॅटो तर दाराबाहेरच. पालेभाजी म्हणजे शेळीचं खाणं, असं त्यांचं आधीपासूनच मत होतं. फळं आजाऱ्यांसाठी. राहिलं काय, तर कडक भाकरी, शेंगाचटणी, तेल आणि चहा. वहिनी ताटात गुपचूप कोशिंबीर वाढायच्या. अप्पा ती गुपचूप ताटाच्या कडेला सरकवायचे. दोघंही एकमेकांकडं बघायचे नाहीत.

अशी वर्षभर भाकरी-चटणी खाल्ल्यावर त्यांच्या हिरड्या सुजल्या. भाकरीच्या तुकड्याला रक्त लागायला लागलं. नडगीवर निळे डाग दिसायला लागले, कुठं धडकल्याचं आठवत नसताना. आमचे डॉक्टर शेजारच्या पेठेत बसायचे. त्यांनी तोंड उघडून बघितलं, पाय बघितले, आणि जेवणात काय असतं ते विचारलं. अप्पांनी अभिमानानं सांगितलं.

“म्हणजे जहाजावर आहात तुम्ही,” डॉक्टर म्हणाले. “पूर्वी खलाशांना हे व्हायचं. महिनोन्‌महिने ताजं काही नाही, नुसती वाळकी रोटी. सी जीवनसत्त्व कमी पडलंय. लिंबू खा, पेरू खा. नाहीतर गोळ्या देतो.”

“लिंबू आंबट,” अप्पा म्हणाले. “आन् गोळी घेण्याइतकं काय झालंय मला?”

“आवळा?”

अप्पा थोडा वेळ थांबले. मी त्यांना ओळखत होतो. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की ते असेच थांबायचे.

“आवळा तुरट,” ते म्हणाले. “आंबट न्हाय.”

अशा रीतीनं आवळा आमच्या घरात तुरट म्हणून शिरला. खरं तर आवळा चांगलाच आंबट असतो, पण हे त्यांना सांगायचं नाही, असं डॉक्टरांनी मला डोळ्यांनीच बजावलं. मग त्यांनी अप्पांना मुतखडा कधी झाला होता का ते विचारून घेतलं. नव्हता. “रोज एक आवळा,” ते म्हणाले. “मोठा नको, मध्यम. किसून पिळला की दोन-चार चमचे रस निघतो, तेवढा पाण्यात घालून, काढल्या काढल्या प्यायचा. जास्त घेऊन जास्त फायदा नाही. अंगाला लागेल तेवढं अंग ठेवतं, बाकीचं लघवीवाटे जातं. आणि उकळू नका. ठेवून देऊ नका.”

शेवटची दोन वाक्यं मी ऐकली होती. हे मुद्दाम लिहितो.

कार्तिक होता, मंडईत आवळे भरपूर होते. वहिनी रोज सकाळी दूध तापवायच्या आधी एक आवळा किसायच्या, फडक्यातून पिळायच्या आणि पेला अप्पांसमोर ठेवायच्या. त्या अक्कलकोटकडच्या, घरात मराठी-कानडी दोन्ही चालायचं. अप्पा पेल्याकडं बघून “साकु, साकु” म्हणायचे. कानडीत साकु म्हणजे पुरे. एक घोटही घेण्याआधी पुरे म्हणणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

“अजून प्यायलात कुठं, मामंजी?” वहिनी म्हणायच्या.

“बघूनच पोट भरलं की.”

तरी प्यायचे. पंधरवड्यात रक्त थांबलं, आणि थोड्या दिवसांनी हिरड्यांची सूज उतरली. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत नडगीचे डागही गेले. अप्पा गल्लीत सांगत सुटले की आपण तुरट खाऊन बरे झालो. वहिनींचं नाव ते घ्यायचे नाहीत, पण दुपारी त्या जरा आडव्या झाल्या की दारातल्या पोरांना हाकलून द्यायचे, “झोपू द्या की तिला.” त्यांच्या लेखी हे फार झालं.

मी मात्र या यशावर स्वस्थ बसणारा नव्हतो. एका आवळ्यानं म्हातारा बरा होतो, तर दहा आवळ्यांनी तरुण माणसाचं काय होईल, असा माझा हिशेब. मी वहिनींकडून गिलासभर रस काढून घेतला आणि अनशापोटी घटाघटा प्यालो. पहिल्यांदा दात आंबले, मग छातीत जळजळ सुरू झाली, आणि कॉलेजात प्रॅक्टिकल चालू असताना मला तीनदा बाहेर पळावं लागलं. संध्याकाळी वहिनींनी मला ताकभात वाढला.

“कसं वाटतंय, भाऊजी? जोर आला का?”

“आला.”

“पळताय म्हणजे आलाच असणार.”

अप्पांनी ताटातून मान वर न करता विचारलं, “डॉक्टर किती म्हणाले होते रे? एक का दहा?”

ही चेष्टा घरात बरेच दिवस पुरली. वहिनी मला ‘गिलासवाले’ म्हणायला लागल्या. आणि खरं सांगायचं तर, पुढं जे झालं त्याचं मूळ थोडं इथंही आहे. मला घरात पुन्हा सायन्सवाले व्हायचं होतं.

दुसरंही एक कारण होतं, ते चांगलं होतं. रोज आवळा किसून वहिनींच्या बोटांना काळपट डाग पडले होते, किसणीवर बोटाची कातडी सोलली होती. ते बघून मला वाईट वाटायचं. मी काष्ठौषधीच्या दुकानातून आवळ्याची पूड आणली. दुकानदारानं ती उघड्या पोत्यातून मोजून दिली, रंग तपकिरी, वास सुकलेल्या पाचोळ्यासारखा.

“आता किसायचं नाही,” मी म्हणालो. “चमचाभर पूड, संपलं. आवळाच आहे, फक्त पाणी काढून टाकलेलं.”

वहिनींनी पूड बोटावर घेऊन चाखली. “चव आहे आवळ्याची. पण ही कधीची? कशी वाळवली? आमच्याकडं आवळकाठी सावलीत वाळवतात, उन्हात टाकली तर काळी पडते.”

“तुमच्याकडं वाळवतात ती खाण्यापुरती. याच्यात जीवनसत्त्व किती, ते चवीनं कळत नाही. ते मोजावं लागतं.”

“मग मोजा की.”

इथं मी अडकलो, आणि मला अडकायला आवडलं. कॉलेजात आम्ही पोरांना हा प्रयोग द्यायचो. सोपा आहे. रसात थोडी स्टार्च घालायची आणि आयोडीन थेंबाथेंबानं सोडायचं. आयोडीन आणि स्टार्च भेटले की निळं-जांभळं होतं. पण रसात सी जीवनसत्त्व असेल तोवर ते आयोडीन खाऊन टाकतं, निळा रंग टिकत नाही. जीवनसत्त्व संपलं की एका थेंबानं सगळं निळं. जितके थेंब जास्त लागले, तितकं सी जास्त. मी शनिवारी आयोडीनची बाटली, थोडी स्टार्च आणि ड्रॉपर घरी आणला. बाटली सोमवारी परत ठेवायची होती, कारण सोमवारी पोरांचं प्रॅक्टिकल होतं.

प्रयोग शनिवारी संध्याकाळीच व्हायचा होता. पण दिवेलागणीला अप्पांचे दोन जुने व्यापारी मित्र येऊन बसले आणि जेवूनच गेले. दुसरा दिवस रविवार. आणि रविवारी आमच्या घरात आवळा खायचा नाहीच, पण कापायचासुद्धा नाही. अप्पांच्या आईनं लावलेला नियम होता. कारण विचारलं की अप्पा म्हणायचे, “रविवार हाय म्हणून.” तेव्हा प्रयोग सोमवारी सकाळी करायचा ठरला.

वहिनींनी शनिवारीच सकाळी घरातले शेवटचे आवळे पिळले होते. आम्ही आवळे मंगळवारच्या बाजारातून आणायचो, ते शनिवारपर्यंत पुरायचे; रविवार नियमाचा आणि सोमवार खाड्याचा. अप्पांना देऊन उरलेला रस त्यांनी प्रयोगासाठी माझ्याकडं दिला. मी तो ओट्याखालच्या पितळी डब्यात ओतला आणि घट्ट झाकण लावलं.

“त्या डब्याची कल्हई गेलीय, भाऊजी. कळकेल.”

कल्हई उडालेल्या पितळेत आंबट ठेवलं की त्याला जो हिरवट, ओशट वास लागतो, त्याला आपण कळकणं म्हणतो. हे आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईला ठाऊक होतं. मलाही होतं.

“प्यायचा थोडाच आहे?” मी म्हणालो. “तपासायचाच तर आहे.”

त्या हसल्या. मीही हसलो. मला माझं उत्तर फार हजरजबाबी वाटलं होतं.

सोमवारी सकाळी वहिनी म्हणाल्या, “उद्या मंगळवार. ताजे आवळे आणते, मग करू या का?”

“बाटली आज परत द्यायचीय. रस तो रस, त्यात काय शनिवार आणि काय मंगळवार?”

मधल्या घरात पाटावर मी दोन कप मांडले. एका कपात पळीभर रस, एका कपात पळीभर पूड पाण्यात कालवून. दोन्हीत स्टार्च घातली. अप्पा थेंब मोजायला भिंतीला टेकून बसले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, हाताला पीठ. मी आधी रसात आयोडीन सोडायला सुरुवात केली. थोडेच थेंब पडले आणि कप निळाकाळा झाला. मला जरा आश्चर्य वाटलं, पण मी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. मग पुडीच्या कपात सोडायला लागलो. थेंब पडत राहिले. ड्रॉपर रिकामा झाला, पुन्हा भरला. अप्पा मोजायचं विसरून गेले. शेवटी एकदाचं ते पाणी निळं झालं.

“म्हणजे काय झालं?” वहिनींनी विचारलं.

“म्हणजे पूड जिंकली. रसापेक्षा कितीतरी जास्त.”

“माझ्या रसात काहीच नव्हतं?”

“होतं. थोडं.”

वहिनी दारातून पुढं येऊन त्या निळ्या कपात डोकावल्या. मग म्हणाल्या, “रोज एवढं किसून मी मामंजींना तुरट पाणी पाजत होते म्हणायचं.” त्या हसून म्हणाल्या, पण पीठ लागलेले हात त्यांनी पदराला पुसले, जे त्या कधी करायच्या नाहीत.

अप्पा खूश झाले. “मग किसणी ठेवून द्या की वर. हे पुडीचं गरम करून गूळ घालून दिलं तर चालंल व्हय रे? चहासारखं?”

“चालेल,” मी म्हणालो. “उकळा खुशाल.”

डॉक्टरांची वाक्यं मला त्या क्षणी आठवली नाहीत, असं मी लिहू शकलो असतो. आठवली होती. पण माझ्यासमोर पुरावा होता, तो मी स्वतः थेंब टाकून मिळवला होता, आणि डॉक्टरांनी काही आयोडीन टाकून बघितलं नव्हतं.

तेव्हापासून अप्पांना रोज सकाळी आवळ्याचा काढा मिळू लागला. वहिनी पूड आणि गूळ पाण्यात घालून निम्मं होईपर्यंत उकळायच्या. अप्पा ‘साकु’ म्हणायचे बंद झाले. दुसरा पेला मागायचे. वहिनी मनापासून करायच्या. सायन्सनं सांगितलंय म्हणून पूड एक चमचा अगदी सपाट मोजायच्या, बोटानं चमचा निरपून. मंडईत अजून आवळे येत होते, पण आता ते कुणी आणत नव्हतं.

होळी झाली, आणि त्यानंतर एके दिवशी भाकरीच्या तुकड्याला पुन्हा रक्त दिसलं. पाडव्यापर्यंत हिरड्या पहिल्यासारख्या सुजल्या. नडगीवर डाग उठले. अप्पा एका जागी बसून राहायला लागले, दारातल्या पोरांना हाकलायचंही सोडून दिलं.

पाडव्याला मोहोळहून आत्या आल्या. आत्या अप्पांची धाकटी बहीण, घरचं शेत, शेळ्या, स्वभाव खणखणीत. त्यांनी दारातच भावाचं तोंड बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

“आरं दादा, तोंड उघड. आं कर.” त्यांनी बघितलं. मग स्वयंपाकघराकडं वळून म्हणाल्या, “सूनबाई, तुमी काय खायाला घालता हो ह्यास्नी?”

“जे खातात ते, आत्याबाई. आवळा रोज देते.”

“आवळा देतीस तर असं व्हतंय व्हय? कार्तिकात बरा झालता की. सगळ्या मोहोळात मी सांगत फिरले, माझा दादा आवळ्यानं बरा झाला. मंग आता काय, आवळा बदलला?”

वहिनी माझ्याकडं बघत नव्हत्या. त्यांनी बघायला पाहिजे होतं. त्या जमिनीकडं बघत म्हणाल्या, “कदाचित माझ्याकडूनच कमी पडत असेल पूड. चमचा सपाट भरते मी.”

“लेक असती तर मोजून घातली नसती,” आत्या म्हणाल्या. “सुनंचं मोजमापच असतं.”

मी तिथं होतो. दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो, हातात पाडव्याची साखरेची गाठी होती. ‘आत्या, पूड मी आणली, रस मी बंद करायला लावला,’ एवढंच म्हणायचं होतं. मी गाठीतला एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

त्या दिवशी दुपारी घरातली थोडी पूड घेऊन मी कॉलेजात गेलो. सुट्टी होती, पण प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडं असायची. पुडीचं पाणी बीकरमध्ये घेऊन आधी मोजलं. मग तेच पाणी बराच वेळ खळखळ उकळलं, आटलेलं पाणी भरून घातलं, गार केलं आणि परत मोजलं. उकळल्यावर सी जीवनसत्त्व घटतं, हे मी दरवर्षी पोरांना सांगायचो. मग थेंब कमी लागायला हवे होते. पण ते जवळजवळ तेवढेच लागले.

मी स्टुलावर बसून राहिलो. थेंब घटत नाहीत, म्हणजे जे आयोडीन खातंय ते सी नाही, किंवा त्यात सी फार थोडं आहे. दुसरंच काहीतरी खातंय. आणि ते काय, हे माझ्या जिभेला कधीचं माहीत होतं. तुरटपणा. आवळ्यातली तुरट द्रव्यं, ज्याला आमच्या भाषेत टॅनिन म्हणतात, तीसुद्धा आयोडीन खातात. सी उडून गेलं तरी ती पुडीत राहतात, आणि वाळवून पाणी गेल्यामुळं एका पळीत कितीतरी आवळ्यांची साठतात. मी पळीभर रसाशी पळीभर पूड लावली होती, म्हणजे एका बाजूला बरंचसं पाणी आणि दुसऱ्या बाजूला सगळा अर्क. आणि जो रस मी मोजला, तो दोन दिवसांचा, कल्हई गेलेल्या पितळेत ठेवलेला. तांबं लागलं की सी जीवनसत्त्व झपाट्यानं नासतं. पितळेत तांबं असतंच. पहिली परीक्षा ताज्या रसाची नव्हतीच. ती त्या डब्याची होती.

संध्याकाळी मी डॉक्टरांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. म्हणजे डॉक्टरांना तरी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“उघड्या पोत्यातली पूड?”

“हो.”

“उन्हात वाळवलेली असणार, किती महिन्यांची कोण जाणे. वर तुम्ही ती रोज उकळली. आवळ्यातलं सी इतर फळांपेक्षा जरा चिवट असतं, पण चिवट म्हणजे अमर नव्हे.” त्यांना हसू येत होतं, ते दाबत होते. “ताजा आवळा मिळेल तोवर ताजा. नंतर सावलीत वाळवलेली, त्याच वर्षीची, घट्ट बंद बाटलीतली, अंधारात ठेवलेली पूड, अर्धा ते एक चमचा, गार पाण्यात. त्यातसुद्धा ताज्याइतकं नसतं, पण काही राहतं. मात्र ज्याच्या हिरड्यांतून रक्त येतंय, त्याला पुडीवर ठेवायचं नाही. सध्या गोळ्या.”

“अप्पा गोळ्या घेणार नाहीत.”

“उन्हाच्या त्रासावरच्या म्हणून द्या. ऊन आहेच. आणि घरी सांगून टाका, काय झालं ते. चूक फार मोठी नाही, फक्त वेळेत सांगायला हवी.”

मी मान हलवली.

घरी पोचलो तर आत्यांनी ठरवून टाकलं होतं. अप्पांना त्या मोहोळला नेणार होत्या, नीट खाऊ घालायला. दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा दारात आला. टांगा दारात आला की गल्ली दारात येते. आत्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “घिऊन जाते बाई, हितं बघायला कोन न्हाय.” वहिनी अप्पांची धोतरं घडी करून देत होत्या. अप्पा टांग्यात चढताना त्यांना म्हणाले, “येतो गं लवकर,” पण आत्यांसमोर एवढंच म्हणू शकले. मी त्यांच्या कोटाच्या खिशात गोळ्यांची बाटली सरकवली.

“हे काय?”

“उन्हाच्या आहेत. रोज एक. डॉक्टरांनी दिल्यात.”

“उन्हाच्या असतील तर घेतो,” अप्पा म्हणाले.

दीडेक महिन्यानं अप्पा परत आले, धडधाकट. हिरड्या गुलाबी, पाय स्वच्छ. आत्या स्वतः सोडायला आल्या होत्या. “माज्या हातचं खाऊन बरा झाला बघा,” त्यांनी गल्लीला सांगितलं, आणि गल्लीनं मानलं. अप्पांच्या खिशातली बाटली रिकामी झाली होती. ती मी हळूच काढून घेतली आणि टाकून दिली.

पुढच्या कार्तिकात वहिनींनी न सांगता किसणी खाली काढली. मीच म्हणालो, “ताजाच द्या, वहिनी. आणि थोडे सावलीत वाळवून ठेवू.” त्यांनी कारण विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं. त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, “बरं, पण चमचा तुम्ही भरत जा. माझा हात आखडता आहे.”

ही एवढीच त्यांची तक्रार, आणि ती स्वतःबद्दल. घरात, नात्यात, लग्नाकार्यात कुणी अप्पांच्या त्या आजाराचा विषय काढला की त्या स्वतःच म्हणायच्या, “तेव्हा माझ्याकडून हयगय झाली.” आत्या मान डोलवायच्या. एकदा मी दादाला दुसऱ्या खोलीत वहिनींना विचारताना ऐकलं, “खरंच कमी घालायचीस का गं?” आणि त्यांचं उत्तर मला ऐकू आलं नाही.

सांगायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. अप्पा गेल्यावर, पुष्कळ वर्षांनी, वहिनी एकट्याच स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मी म्हणालो, “वहिनी, त्या वर्षीचा तो रस...”

“आता कुठला रस, भाऊजी? आवळे कधीच संपले. पुन्हा गिलासभर प्यायचा विचार आहे का?”

त्या हसल्या, आणि मीही हसलो. हसल्यावर ते वाक्य परत घेता आलं नाही. पुढं दादा पुण्याला स्थायिक झाला आणि त्या त्याच्याकडं गेल्या. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्याजवळ माणसं बसलेली होती. कुणीतरी म्हणालं, सासऱ्यांचं यांनी फार केलं. वहिनी उशीवरून म्हणाल्या, “एकदा चुकले मी, विचारा भाऊजींना.” सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “छे, छे, काहीतरीच.” ते खोटं नव्हतं, पण खरंही पुरतं नव्हतं. सगळ्यांना तो माझा मोठेपणा वाटला.

जे बोलायचं होतं ते असं होतं.

वहिनी, अप्पांच्या हिरड्या तुमच्यामुळं सुजल्या नाहीत. तुमचा चमचा बरोबर होता. तुमचा रसही बरोबर होता, रोजचा, ताजा. चुकलं माझं मोजणं. मी शिळा रस मोजला आणि तुरटपणाला जीवनसत्त्व समजलो. काढा उकळायला मी सांगितलं. आत्या तुम्हाला बोलत होत्या तेव्हा मला हे पुरतं माहीत नव्हतं, पण त्याच संध्याकाळी माहीत झालं होतं, आणि टांगा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मला माफ करा.